फिल्म पास, यूटी नापास : १६ मिमीच्या जोडाचं करायचं काय?

अंबडचा_फॅब्रिकेटर
मंडळी, अंबडला आमचं छोटं फॅब्रिकेशन आहे. सध्या कार्बन स्टीलचं एक प्रेशर व्हेसल चालू आहे. शेल १६ मिमी, दोन शेलमधला गोल जोड, बाहेरून सिंगल व्ही, दोन्ही बाजूंना ३० अंशांचं बेव्हल. तळाचा रूट टिग वेल्डिंगनं, वरचं सगळं सीओटू वेल्डिंगनं, रोटेटरवर फिरवून. गॅमा रेडिओग्राफी करून घेतली, सोर्स मधोमध ठेवून एकाच एक्सपोजरमध्ये पूर्ण गोल. फिल्मवर चार-दोन गोल पोअर, म्हणजे वायूच्या पोकळ्या, तेही मर्यादेच्या आत. रिपोर्ट पास.

मग पार्टीचा इन्स्पेक्टर आला आणि म्हणाला, मला यूटी, म्हणजे अल्ट्रासोनिक तपासणीही बघायची आहे. त्याच्या माणसानं दोन ठिकाणी खडूनं खुणा केल्या, ‘लॅक ऑफ फ्यूजन’, म्हणजे मेटल नीट चिकटलेलं नाही, असं लिहून दिलं आणि गाडीत बसून गेले. आता फिल्म माझ्या हातात आहे, व्ह्यूअरवर दहा वेळा बघितली, त्या जागी काहीही नाही. कोणाचं खरं धरायचं? डाय पेनिट्रंट मारून बघितलं तर निकाल लागेल का? गाऊजिंग करून वेल्ड खणून काढायला माझा जीव होत नाही.

गोदाकाठचा_गणू
फिल्म म्हणजे पुरावा भाऊ. दहा वर्षांनीही काढून दाखवता येते. यूटी म्हणजे मशीनवर बसलेल्या माणसाचा खेळ. गेन वाढवला की सगळीकडे एको दिसतात. आमच्याकडे सातपूरला एकाच जोडावर दोन ऑपरेटरनी दोन रिपोर्ट दिलेले बघितलेत. तू डीपी मार, तीन बाटल्यांचा संच मिळतो. लाल रेघ आली तर दोष, नाही आली तर इन्स्पेक्टरला फिल्म दाखव आणि सही घे.

साठ_अंश
गणूभाऊ, ‘माणसावर अवलंबून’ हे बरोबर आहे, पण निष्कर्ष उलटा निघतोय. आणि डीपी इथे काहीच सांगणार नाही. डाय फक्त पृष्ठभागावर तोंड उघडं असलेल्या फटीत शिरतो. दोष पोटात असेल तर वर कितीही लाल फवारा, जोड स्वच्छच दिसणार आणि ती स्वच्छता पाहून फसगत होईल.

फॅब्रिकेटरसाहेब, यूटीच्या रिपोर्टमध्ये प्रोबचा कोन, आवाजानं कापलेलं अंतर म्हणजे बीम पाथ, आणि प्रोबचं जोडाच्या मध्यापासूनचं अंतर दिलंय का? ते टाका. ते आकडे नसतील तर गणूभाऊंचं म्हणणं बरोबर, तो रिपोर्ट नाही, नुसती खडूची खूण आहे.

अंबडचा_फॅब्रिकेटर
दिलंय. पहिली जागा : ६० अंश, ४ मेगाहर्ट्झ, बीम पाथ ५४, प्रोब इंडेक्स मध्यापासून ५४, उजवीकडून. लांबी ३५ मिमी. डावीकडून ‘एको क्षीण’ असं लिहिलंय.
दुसरी जागा : तोच प्रोब, बीम पाथ ६४-६५, दोन्ही बाजूंनी, लांबी १२०.

साठ_अंश
पहिल्या जागेचं गणित करू. कागद-पेन्सिल घ्या आणि जोडाचं चित्र खऱ्या मापात काढा. हे मी प्रत्येक ट्रेनीला सांगतो, कारण चित्र काढल्याशिवाय यूटीचा आकडा बोलत नाही.

६० अंशाला बीम पाथ ५४ म्हणजे प्रोबपासून आडवं अंतर ५४ गुणिले साइन ६०, सुमारे ४६.८. प्रोब मध्यापासून ५४ वर होता, म्हणजे एको मध्याच्या अलीकडे ७.२ मिमीवरून येतोय, उजव्याच बाजूला. आता खोली. ५४ गुणिले कॉस ६०, म्हणजे २७. प्लेट तर १६ची आहे, त्यामुळे आवाज खालच्या पृष्ठभागावर आपटून वर येताना एको मिळालाय. ३२ वजा २७, म्हणजे बाहेरच्या पृष्ठभागापासून ५ मिमी खोल.

आता तुमचं बेव्हल त्या खोलीवर कुठे येतं बघा. बेव्हलखालचा सरळ भाग म्हणजे रूट फेस २ आणि गॅप ३ धरतो, वेगळं असेल तर सांगा. ५ मिमी खोल म्हणजे तळापासून ११ वर. त्यातून रूट फेस वजा केला की ९. ३० अंशाला ९ गुणिले ०.५७७, म्हणजे ५.२, अधिक अर्धा गॅप दीड. झाले ६.७. एको आला ७.२ वरून. अर्धा मिमी फरक प्रोबच्या इंडेक्सची खूण आणि पट्टी धरण्यातच जातो. म्हणजे एको उजव्या बेव्हलच्या फेसवरूनच येतोय.

आणि मुख्य गोष्ट : ६० अंशाचा बीम तळावर आपटून वर येताना ३० अंशाच्या बेव्हलला बरोबर काटकोनात भेटतो. म्हणून त्याच बाजूनं एको दणदणीत येतो, आणि डावीकडून तीच सपाट फट बीमला तिरकी मिळते, म्हणून क्षीण. पोअर किंवा स्लॅगचा गोळा असता तर दोन्ही बाजूंनी साधारण सारखाच दिसला असता. माझं मत स्पष्ट आहे : पहिल्या जागी साइडवॉलला मेटल चिकटलेलं नाही.

गोदाकाठचा_गणू
मग फिल्मवर का नाही? इरिडियमच्या आयआर-१९२ सोर्सनं एवढं १६ मिमी लोखंड आरपार जातं आणि ३५ मिमीची फट दिसत नाही?

साठ_अंश
प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. फिल्म फट बघत नाही. किरणांच्या वाटेत लोखंड किती कमी झालं, तेवढंच ती बघते.

सोर्स मधोमध होता, म्हणजे किरण शेलला काटकोनात बाहेर पडले. बेव्हलची फट त्या किरणांना ३० अंशांत आहे. न चिकटलेल्या फटीचं तोंड समजा ०.०५ मिमी आहे. ३० अंशात ती ओलांडताना किरणाला रिकामी जागा मिळते ०.०५ भागिले ०.५, म्हणजे ०.१ मिमी. कॅपच्या फुगवट्यासकट जाडी धरा १८. साधारण दोन टक्के फरक फिल्मवर उठून दिसतो असं मानलं, तर किमान ०.३६ मिमी हवेत. आपल्याकडे त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे. फिल्मचा दर्जा तपासायची पेनिट्रामीटरची तार छान दिसत असेल, टेक्निक शंभर टक्के बरोबर असेल, तरी ही फट दिसणार नाही. रेडिओग्राफरची यात काही चूक नाही.

उलट १ मिमीचा गोल पोअर घ्या. तो कुठल्याही बाजूनं १ मिमीच. म्हणून तो फिल्मवर ठळक आणि यूटीत मात्र फुसका, कारण गोल पृष्ठभाग आवाज चहूकडे फेकून देतो. तुमचे दोन रिपोर्ट एकमेकांना खोटं पाडत नाहीत. फिल्मनं पोअर मोजले, यूटीनं फट पकडली.

दुसरं, १६ मिमीला आयआर-१९२ चालवतात सगळे, पण त्याचे किरण पातळ जाडीला जास्तच भेदक आहेत, कॉन्ट्रास्ट कमी पडतो. एक्स-रेनं फिल्म जास्त बोलकी आली असती. तरी ही फट आलीच असती असं मी म्हणणार नाही. किरण बेव्हलच्या दिशेनं, म्हणजे ३० अंश तिरके सोडून एक फिल्म घेतली तर बारीक काळी रेघ येऊ शकते. तीही कोन नीट जुळला तरच.

द्राक्षवाला_दिंडोरी
विषय जरा वेगळा आहे, माफ करा. आमच्या गावच्या वायनरीत टाक्यांचे असेच फोटो काढायचं चाललंय म्हणे. गॅमा मारलेल्या टाकीत वाईन ठेवली तर ती पिण्याजोगी राहते का? आमची द्राक्षं तिथेच जातात म्हणून विचारतो.

साठ_अंश
दादा, निर्धास्त राहा. सोर्स परत डब्यात गेला की टाकीत काही उरत नाही. इरिडियमचे गॅमा किरण लोखंडाला किरणोत्सारी करत नाहीत. धोका फक्त एक्सपोजर चालू असताना जवळ उभ्या असलेल्या माणसाला. म्हणून दोरी बांधतात, रात्री काम करतात, बिल्ला लावतात.

टाकीवाली_सानिका
मी अशाच एका वायनरीत मेंटेनन्सला आहे, म्हणून आत घुसते. दिंडोरीकर दादा, २ मिमीच्या ३०४ स्टीलच्या टाक्यांचे कोणी गॅमाने फोटो काढत असेल असं मला वाटत नाही, तुमच्या कानावर काहीतरी वेगळं आलं असावं. पण आमची खरी अडचण सांगते. तळाच्या व्हॉल्व्हजवळच्या वेल्डमधून थेंब थेंब गळतं, नक्की कुठून ते सापडत नाही. एका व्हेंडरनं यूटी सुचवली, दुसऱ्यानं डीपी. हा धागा वाचून आता डीपीच करावी असं वाटतंय. बरोबर?

साठ_अंश
सानिकाताई, २ मिमीला अँगल प्रोबची यूटी विसरा. एवढ्या पातळ पत्र्यात सगळे एको एकमेकांवर चढतात.

डीपीनं सापडेल, पण मी आधी ती करणार नाही. भोक आरपार आहे. बाहेरून डाय लावला की तो केशाकर्षणानं आत जाणार, म्हणजे वाईनच्या बाजूला. शिवाय त्या भोकात डाय राहून गेला आणि वर टिग मारलं की नवीन वेल्डमध्ये पोअर येतात, मग गळती दुसरीकडून. टाकी रिकामी करून साबणाचं पाणी आणि व्हॅक्यूम बॉक्सनं बघा, बुडबुडा जिथे तिथे भोक. व्हॉल्व्हच्या वळणावर बॉक्स बसत नसेल तर आतून अगदी थोडा हवेचा दाब द्या आणि बाहेरून साबण. थोडा म्हणजे थोडाच, त्या टाक्या दाबासाठी बनवलेल्या नसतात. त्यातून नाहीच सापडलं तर डीपी करा, पण क्लोरीन-सल्फर कमी असलेला स्टेनलेससाठीचा संच मागा आणि नंतर धुण्यावर वेळ घालवा.

टाकीवाली_सानिका
डाय आत जाईल हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद. व्हॅक्यूम बॉक्स भाड्यानं कुठे मिळतो ते कोणी सांगेल का, सिन्नरपर्यंत चालेल.

ओझरचे_आजोबा
माझं उभं आयुष्य विमानांच्या अल्युमिनियमवर गेलं, त्यामुळे प्रेशर व्हेसलवर बोलायचा अधिकार नाही. पण एडी करंटचं, म्हणजे धातूत विजेचे भोवरे उठवून भेग शोधण्याचं, नाव अजून कोणी घेतलं नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडे रिव्हेटच्या भोकाच्या कडेनं सुटणारी भेग हा मुख्य शत्रू. डीपी करायची तर रंग पूर्ण काढावा लागतो. वर तो रंग सँडिंगनं काढला तर मऊ अल्युमिनियम पसरून भेगेचं तोंडच बंद होतं, मग केमिकलनं एच केल्याशिवाय डाय शिरत नाही. एडी करंटला पातळ रंगाचं काही पडलेलं नसतं. पेन्सिलीएवढा प्रोब भोकाभोवती फिरवायचा. आधी त्याच मिश्रधातूच्या ठोकळ्यावर ०.२, ०.५ आणि १ मिमी खोल कापलेल्या खाचांवर मशीन लावून घ्यायचं. प्रोब उचलला की स्क्रीनवरचं टिंब आडवं पळतं, भेग आली की वर उडी मारतं. हा फरक हाताला बसायला वेळ लागतो, पण एकदा बसला की अर्धा मिमीची भेग रंगाखालूनही चुकत नाही.

मर्यादाही तितकीच कडक. १०० किलोहर्ट्झला अल्युमिनियमात प्रवाह जेमतेम पाव मिमी खोल जोमानं वाहतो. फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झवर आणली तर पावणेतीन मिमीच्या आसपास, पण मग बारीक भेग दिसेनाशी होते. खोल बघायचं की बारीक बघायचं, दोन्ही एकदम मिळत नाही.

अंबडचा_फॅब्रिकेटर
काका, मग माझ्या जोडावर हे चाललं असतं का? गाऊजिंगच्या आधी अजून एक खात्री म्हणून.

ओझरचे_आजोबा
नाही. तुमचा दोष ५ मिमी आत, आणि कार्बन स्टील चुंबकीय. त्यात प्रवाह अल्युमिनियमपेक्षाही उथळ राहतो आणि वेल्डमध्ये चुंबकीय गुण जागोजाग बदलत असल्यानं टिंब उगाच नाचतं. कॅपच्या लाटांवर प्रोब हलतो ते वेगळंच. पृष्ठभागावरच्या भेगा शोधायला स्टीलच्या वेल्डसाठी खास प्रोब असतात, पण तुमचं दुखणं पृष्ठभागावरचं नाही.

गोदाकाठचा_गणू
बरं, फिल्मचं समजलं, मागे घेतो. पण माणसाचा मुद्दा सोडत नाही. ६० लिहिलेला प्रोब घासून ६२ झाला असेल तर? मग तुमचं सगळं गणित हवेत.

साठ_अंश
करून बघू. ६२ अंशाला आडवं अंतर ४७.७, म्हणजे मध्यापासून ६.३. खोली ३२ वजा २५.३, म्हणजे ६.७. त्या खोलीवर बेव्हल येतं ५.७ वर. एको अजूनही फेसवरच बसतोय, फक्त खोली ५ ऐवजी पावणेसात झाली. निदान बदलत नाही, गाऊजिंग किती खोल करायचं ते बदलतं. म्हणून काम सुरू करण्याआधी त्या ऑपरेटरला प्रोबचा खरा कोन ब्लॉकवर मोजून दाखवायला सांगा. तुमच्यासमोर, पाच मिनिटांचं काम.

दुसऱ्या जागेबद्दल मात्र मी गणूभाऊंच्या बाजूनं झुकतो. बीम पाथ ६४ म्हणजे ६० अंशाला १६ मिमीचा बरोबर पूर्ण स्किप. आवाज तळावर आपटून थेट कॅपवर पोचतोय. दोन्ही बाजूंनी, १२० मिमी लांब. हा कॅपचा आकारच एको देत असण्याची दाट शक्यता आहे. एको स्क्रीनवर असताना तेलाचं बोट कॅपवर टपटप मारा. एको बोटाबरोबर नाचला तर तो कॅपचाच. ढिम्म राहिला तर गंभीरपणे घ्या. कॅपच्या कडेला खरा अंडरकट किंवा पृष्ठभागाजवळची फटही तिथेच एको देऊ शकते. या जागेवर डीपीला अर्थ आहे, पहिल्या जागेवर नाही.

काटकसरी_कोठारी
तांत्रिक बाजू कळत नाही, खरेदी खात्यात असतो. पण मुळात प्रश्न असा की ऑर्डरमध्ये रेडिओग्राफी लिहिली असेल आणि ती पास असेल, तर इन्स्पेक्टर वरून यूटी मागू शकतो का? त्याचे पैसे कोण देणार? आमच्याकडे यावर भांडणं होतात.

साठ_अंश
पैशाचं तुमची ऑर्डर आणि क्वालिटी प्लॅन बघूनच ठरेल, इथे बसून कोणी सांगू नये. एवढं सांगतो की एकदा दोष ‘लॅक ऑफ फ्यूजन’ ठरला की एएसएमई सेक्शन ८ मध्ये लांबीची सवलत नाही. ३५ मिमी असो की ५, रिपेअरच. पोअरला मर्यादा आहे, याला नाही.

अंबडचा_फॅब्रिकेटर
अपडेट. ऑपरेटरला परत बोलावलं. ब्लॉकवर कोन ६१ निघाला. पहिल्या जागी ग्राइंडरनं थोडं थोडं काढत गेलो, ४ मिमीनंतर प्रत्येक थरानंतर डीपी. साडेपाचच्या आसपास घळीच्या उजव्या भिंतीवर बारीक लाल रेघ उमटली, सरळ, पट्टी लावून मारल्यासारखी. आमचा वेल्डर बघतच राहिला. अजून ३ मिमी खाली गेल्यावर रेघ संपली.

मग कारण शोधलं. त्या बाजूला सपोर्टची रिंग आधीच टॅक केलेली होती. टॉर्च उजव्या बेव्हलकडे कलवायला जागाच नव्हती, वेल्डरनं ती मधोमध धरून काम उरकलं.

साठ_अंश
रेघ लगेच उमटली की डेव्हलपर मारून वाट बघितलीत? ग्राइंडिंगनं धातू पसरून फट झाकते, घाईत ‘दोष संपला’ असं वाटू शकतं. शेवटच्या थराला हलका हात, स्वच्छ पुसून डायला किमान दहा मिनिटं, कपड्यानंच पुसणं, सॉल्व्हंट थेट फवारायचं नाही, आणि डेव्हलपरनंतर परत दहा मिनिटं. सकाळी आठला करत असाल तर धातूचं तापमानही बघा. निफाडकडे गारठा पडतो तेव्हा शेडमधलं लोखंड हाताला झोंबतं. साधारण ५ ते ५२ अंशांच्या बाहेर नेहमीची डीपी धरत नाहीत. उन्हात ठेवलेलं शेल मे महिन्यात वरची मर्यादाही ओलांडतं.

कारण पटतं. सीओटूत करंट कमी किंवा टॉर्च चुकीची असली की वितळलेला धातू बेव्हलवर नुसता टेकून बसतो. इलेक्ट्रोडनं असं झालं तर बहुतेकदा स्लॅग अडकते आणि ती फिल्मवर दिसते. सीओटूत अडकायला स्लॅग जवळजवळ नसतेच, फट कोरी राहते. म्हणून सीओटूच्या जोडावर फक्त फिल्मवर विसंबू नये असं माझं मत.

गोदाकाठचा_गणू
हे आधी सांगितलं असतं तर वाद घातला नसता. आमचंही सगळं सीओटूच आहे.

अंबडचा_फॅब्रिकेटर
शेवटच्या थराला पाचच मिनिटं थांबलो होतो, उद्या परत करतो. दुसऱ्या जागी बोट मारून बघितलं. अर्ध्या लांबीत एको नाचला, उरलेल्या अर्ध्यात नाचतोय की नाही यावर ऑपरेटर आणि इन्स्पेक्टर यांचंच जमेना. डीपीत तिथे काही नाही. इन्स्पेक्टर म्हणतो पूर्ण १२० काढा, मी म्हणतो कॅप फ्लश करून परत स्कॅन करा.

साठ_अंश
कॅप फ्लश करा, हेच बरोबर. मग ७० अंशानंही बघायला सांगा. १६ मिमीला त्याचा पूर्ण स्किप ८८ मिमीवर जातो, तेवढी मोकळी जागा रिंगच्या बाजूला आहे का तुमच्याकडे?

अंबडचा_फॅब्रिकेटर
रिंगच्या बाजूला ६५ मिमीच आहेत. डावीकडून मोकळं आहे.